रंगाऱ्याच्या वाट्याची वर्षं

घरं रंगवणाऱ्या त्या माणसाची मुलगी नवव्या वर्षी चालताना झोकांड्या खायला लागली. मग तिची नजर अधू होत गेली. "सुनेच्या माहेरचं काहीतरी आलंय," असं त्याची आई येईल त्याला सांगायची आणि तो गप्प बसायचा. शेवटी दवाखान्यात मुलीचं, त्याचं आणि बायकोचं रक्त तपासलं.

"दोष तुमच्याकडून आलाय," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तुमच्यात तो चव्वेचाळीस वेळा आहे, मुलीत सत्तरच्या वर. बापाच्या शुक्रपेशी तयार होताना नक्कल घसरते आणि तुकडे वाढतात. जितके जास्त, तितका आजार लवकर."

"पण मी तर धडधाकट शिडीवर चढतो."

"तुम्हाला होईल. उशिरा. आधी रंगांतला फरक कळेनासा होतो."

त्याने घरी सांगितलं. आईने सुनेची माफी मागितली नाही, फक्त तो विषय काढणं सोडलं. मुलगी पंधराव्या वर्षी गेली.

काही वर्षांनी एक गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, या दोन भिंतींचा पिवळा वेगळा आलाय." त्याला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

संध्याकाळी त्याने बायकोला ते सांगितलं. तिने हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं.

"तुम्हाला एवढी वर्षं तरी मिळाली," ती म्हणाली.