दुखणं कोणत्या घरचं

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं आणि रीतीप्रमाणे मला वाशीहून नेरूळला माहेरी पाठवलं. तीन स्टेशनांचं अंतर, पण आईने ओवाळून घेतलं तेव्हा वाटलं, मी परदेशातून आलेय. सासूबाई निघताना आईला म्हणाल्या, "आमची अमानत आहे, जपा." सगळे कौतुकाने हसले. मीही हसले, याचा मला अजून राग येतो.

दुखायला लागलं ते उजव्या कुशीत, पाठीकडून. तिथून कळ पुढे जांघेत उतरायची. पाच मिनिटं धड बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. आई म्हणाली, बाळ फिरतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, गॅस असेल, ओवा चाव. मी ओवा चावला आणि तो ओकून टाकला. सकाळी थंडी वाजून ताप भरला तेव्हा वडिलांनी रिक्षा आणली.

हॉस्पिटलात आधी बाळाचे ठोके ऐकले, मग लघवी तपासली. तिच्यात रक्त होतं आणि पू होता. नेहमीचं दुखणं थांबवायचं इंजेक्शन गरोदरपणात, त्यातून इतक्या पुढच्या महिन्यात, देत नाहीत. त्याने बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून पॅरासिटामॉल आणि सलाईन लावलं. मग सोनोग्राफी झाली. उजवी किडनी सुजलेली होती. पण सोनोग्राफीच्या डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावरून खडा म्हणता येत नाही, कारण गर्भाशयाच्या दाबाने या दिवसांत उजवी किडनी थोडी फुगतेच. त्या बराच वेळ मूत्राशयात बघत राहिल्या. डाव्या बाजूने लघवीची चिळकांडी येताना दिसत होती. उजवीकडून काहीच येत नव्हतं.

मूत्रविकाराचे डॉक्टर आले आणि त्यांनी एमआरआय सांगितला. आईने कपाळाला हात लावला. "डॉक्टर, पोटात बाळ आहे. ते रे वगैरे नको." डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, ते रंगाचं इंजेक्शनही देणार नाहीत, आणि सीटी स्कॅन अगदी दुसरा इलाज उरला नाही तरच करतात. आईने मान हलवली आणि मला आमच्या कोकणी वळणाच्या बोलीत कुजबुजत विचारलं, "तुज्या सासूला विचारलंस?"

एमआरआयमध्ये किडनीतून मूत्राशयाकडे उतरणाऱ्या नळीत अडकलेला खडा कळला. नुसता खडा असता तर वाट बघितली असती. गरोदरपणात बरेच खडे पाणी आणि औषधांवर आपोआप पडतात, असं डॉक्टर म्हणाले. पण वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढत होते आणि ताप चढत होता. आता वाट बघणं चालणार नव्हतं. आतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून तुंबलेलं मोकळं करायचं होतं. बाहेरून धक्के देऊन खडा फोडायचं मशीन पोटुशी बाईला वापरतच नाहीत. खड्याचं नंतर बघू, आधी किडनीला वाट करून देऊ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि इथे सगळं थांबलं.

आई म्हणाली, "आमी कसं ठरवणार? तू त्यांच्या घरची. उद्या काय झालं तर आमच्यावर येईल."  नवऱ्याला फोन लावला. तो कंपनीच्या कामासाठी पुण्यात होता. म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो. टेन्शन घेऊ नकोस." सासरे वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. गाड्या लागलेल्या असताना ते फोन उचलत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत. सासूबाईंनी उचलला, पण त्या म्हणाल्या, "ह्यांच्याशिवाय मी कशी हो म्हणू?" म्हणजे माझ्या किडनीतून पू कधी काढायचा हे कांद्याच्या गाड्या रिकाम्या झाल्यावर ठरणार होतं. यात कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

डॉक्टर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते आईकडे न बघता माझ्याकडे आले. "तुम्ही सज्ञान आहात. सही तुमचीच लागते. तुमच्या घरच्यांची नाही." माझे दात वाजत होते. मी सही केली. आई म्हणाली, "बघ हो, मी सांगितलं नव्हतं." ती हे डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

एक्स-रे न वापरता सोनोग्राफीवर बघत त्यांनी नळी घातली. ताप उतरला. गरोदरपणात अशा नळीवर क्षार लवकर चढतात, म्हणून ती बाळंतपणाआधी एकदा बदलावी लागली. सारखं लघवीला होई, कुशीत टोचे. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि नीट घरी आली. नंतर दुर्बिणीने माझा खडा फोडून काढला. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग वाढला असता तर दोघींचंही अवघड होतं. सासरी मात्र वेगळंच ठरलं. मी न विचारता नळी घालून घेतली म्हणून पोर अपुऱ्या दिवसांची झाली. बारशाला आलेल्या बायकांना सासूबाईंनी हेच सांगितलं. आई शेजारी पेढे वाटत होती. ती एक शब्द बोलली नाही. तिला मी ते माफ केलेलं नाही.

मुलगी आता पहिलीत आहे. गेल्या उन्हाळ्यात ती जेवण टाकायला लागली. बेंबीशी हात धरून बसायची, विचारलं की उठून पळायची. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग शाळा बुडवायची नाटकं आहेत, असं निदान केलं. एका सकाळी तिने फ्लश करायच्या आत मी बाथरूममध्ये शिरले. लघवी गुलाबी होती. मी कुणालाही विचारलं नाही, तडक निघाले. सासूबाई मागून चपला घालत आल्या.

उपचाराचं आधीच सांगून टाकते, कारण ते सोपं निघालं. लहान मुलांनाही सोनोग्राफीच पहिली, आणि तिच्यात खडा दिसला. लहान होता, ताप नव्हता. म्हणून भरपूर पाणी, दुखल्यावर औषध आणि वाट बघणं. नाहीच पडला तर मुलांना भूल देऊन ते धक्क्यांचं मशीन चालतं. मुलांमध्ये खडा झाला की तो का झाला ते शोधावंच लागतं, म्हणून पूर्ण दिवसाची लघवी तपासायची. शाळेतलं बाथरूम घाण म्हणून ती तिथे पाणीच पीत नव्हती, तेही निघालं. वेफर्स, पापड कमी करायचे. सासूबाईंनी दूध बंद करायचं ठरवलं होतं, त्याला डॉक्टरांनी सक्त मनाई केली. खडा पुढे आपोआप पडला.

पण त्या दिवशी ती सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेली असताना डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठे दुखतं, बाळा?" समोर पडद्यावर तिची फुगलेली किडनी दिसत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने आजीकडे बघितलं. मग म्हणाली, "कुठेच नाही."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

मी सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."  लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच असं काही सांगत होते. त्या गेल्या. दार नीट लागेपर्यंत मुलगी थांबली.

"खूप दिवस दुखतंय," ती हळूच म्हणाली. "आजी म्हणाली, आईला सांगितलंस तर ती कुणाला न विचारता नळी घालून टाकेल."