काट्यावरचा पासवर्ड

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक सांभाळायचो. एका सकाळी वजनकाट्यावरचे तात्या पासवर्ड विसरले. मी नवा करून दिला, तो चालेना. पुन्हा दिला, पुन्हा तेच. उसाच्या बैलगाड्यांची रांग पार डांबरी रस्त्याला लागली आणि गाडीवान काचेवर थापा मारू लागले. माझं डोकं फिरलं.

शेवटी प्रोग्रॅम उघडून वाचला. पासवर्ड बदलताना त्याचा हॅश व्हायचा, म्हणजे मूळ शब्द ओळखू येणार नाही अशी अक्षरं. मग साठवताना कुणा शहाण्यानं त्या हॅशचाच पुन्हा हॅश केला होता. लॉगिनला मात्र एकदाच. जुळणार कसं? प्रोग्रॅम दुरुस्त करायला पुण्याचा माणूस यायला हवा होता. म्हणून मी पहिला हॅशच कागदावर उतरवून दिला; लॉगिनला त्याचा आणखी एकदा हॅश झाला की दोन्ही जुळणार होते. तात्यांनी ती अगडबंब अक्षरं पासवर्ड म्हणून टाकली आणि काटा सुरू झाला.

मी चहाला गेलो. परत आलो तर गाड्या जागच्या जागी.

"लई अवघड हुतं ते," तात्या म्हणाले. "म्हून बदलून नातीचं नाव टाकलं. आता आत घेत न्हाय."