बाईंच्या लेखावरचा लाल आकडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बोरीच्या एका शिक्षिकेवर अन्याय झाला. परभणीतल्या आमच्या शेती-ब्लॉगसाठी त्यांनी स्वतःच्या कपाशीतली बोंडअळी पाहून लेख लिहिला होता. भाषा पाठ्यपुस्तकासारखी नीटस, म्हणून लेख माणसाचा की एआयचा हे टक्क्यांत सांगणाऱ्या तपासणीच्या साइटनं लाल आकडा दाखवून तो यंत्राचा ठरवला.

ब्लॉगचे मालक मला म्हणाले, "आकडा लाल हाय. गूगल सर्चमधी खाली जाऊ."

मी म्हणालो, "दादा, सर्च हा आकडा बघत न्हाई. वाचणाऱ्याच्या कामाचं हाय का, ते बघतंय."

"लय शहाणा हायस."

मालकांनी लेख ब्लॉगवरून काढला. लेख पाठवला की बाई मला फोन करायच्या, डब्याच्या वेळी तासभर बोलायच्या. आता फोन येत नाही. ऑफिसात मी डबा एकटाच खातो.

ब्लॉग चालवत असाल तर आकड्यावरून काढलेला लेख आजच स्वतः वाचा. खरा असेल तर परत लावा, आणि लिहिणाऱ्याला फोन करा.