रक्त येतंय तर ब्रश नको

माझ्या नवऱ्याने चोरून गोड खाल्लं नव्हतं. एवढं एक वाक्य मान्य करायला मला अर्धं वर्ष लागलं. तोवर ह्यांच्या हातातलं स्टिअरिंग गेलं होतं.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. हे डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या एका कारखान्याची बस चालवायचे. सकाळी ठाण्याहून कामगार भरायचे, मानपाड्याला उतरवायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. बावीस वर्षं तेच काम केलं, गाडीला साधा ओरखडा नाही. घरात हे तसे मवाळ माणूस. आवाज काय तो माझा. बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा.

डायबिटीस जुनाच. गोळ्या चालू होत्या, चालणं चालू होतं आणि साखर आपली बरी असायची. मग एका वर्षी कंपनीच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर आली. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, ‘‘आठच्या खाली आणा. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पन्नास माणसं मागे बसतात, तेव्हाही साखर अशीच असली तर मी गाडी चालवायला सही देणार नाही.’’ त्याचं काही चुकलं नाही. हे घरी आले आणि रिपोर्ट माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

मग मी कंबर कसली. घरातली साखर हद्दपार केली, गूळ शेजारणीकडे ठेवायला दिला. ज्वारी-नाचणीच्या भाकऱ्या, पालेभाज्या, मोड आलेली मटकी, सगळं मोजून मापून. गोळी मी स्वतः हातावर ठेवायची. महिन्याभराने घराजवळच्या लॅबमध्ये नेलं तर उपाशीपोटीची साखर जिथल्या तिथे. अजून एका महिन्याने थोडी वरच. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी आकडा हलेना. मी भाकऱ्या थापून थापून मेले आणि साखर चढतेय, म्हणजे माझ्या पाठीमागे काहीतरी चाललंय, असं माझ्या डोक्यात बसलं.

आणि एकदा डोक्यात बसलं की मला सगळीकडे पुरावेच दिसतात. डबा अर्धा परत यायला लागला. भाजी संपलेली असायची आणि भाकरी तशीच. मी म्हटलं, बाहेर चरून आल्यावर घरची भाकरी कशी घशाखाली उतरेल? शर्टाच्या खिशात लवंगा सापडल्या. कशाला हो लवंगा, विचारलं तर म्हणाले, ‘‘बरं वाटतं तोंडाला.’’ वास मारायला, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं. कारखान्याच्या नाक्यावर जिलेबीवाला बसतो, ते मला ठाऊक होतं. मला त्या जिलेबीचा अगदी रंग दिसायला लागला होता.

तोंडाला वास तर यायचाच. वाईट यायचा. मी पलंगावर उशी पायाकडे टाकून झोपायला लागले आणि कारण पंख्याचं सांगितलं. सकाळी बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसायची. ती दिसली तेव्हा मीच म्हणाले, ‘‘अहो, रक्त येतंय तर ब्रश कशाला लावताय? जखमेवर कोणी काथ्या घासतं का? चांगलं होईपर्यंत बोटाने मंजन लावा.’’ माझ्या माहेरी असंच सांगायचे. ह्यांनी माझं निमूट ऐकलं. बायकोचं ऐकणारा नवरा तो. ब्रश पेल्यात कोरडा पडून राहिला आणि मला वाटलं, निदान एक गोष्ट तरी मी ठीक केली.

एकदा जेवताना म्हणाले, ‘‘अगं, जरा मऊ भात दे ना, भाकरी नको.’’ माझा पाराच चढला. लेक समोर बसली होती, कॉलेजातून नुकतीच आलेली. मी म्हटलं, ‘‘भात? साखर एवढी असताना भात? खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. बाहेर काय काय खाता ते एकदा सांगून टाका, म्हणजे मीही सुटेन.’’

‘‘काही खात नाही मी.’’

‘‘मग साखर काय हवेतून येते?’’

ह्यांनी ताट बाजूला सारलं. उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘हिची शपथ घेऊन सांगतो. गोडाचा कण तोंडात घातलेला नाही.’’

आमच्याकडे अशी शपथ कोणी सहजी घेत नाही. लेकराच्या डोक्यावर हात ठेवला की बोलणं तिथे संपतं. मी संपवलं नाही. मी म्हणाले, ‘‘जिभेच्या चोचल्यासाठी पोरीचा जीव तरी पणाला लावू नका.’’ लेक ताटावरून उठून आत गेली. ह्यांनी हात खाली घेतला, भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवला आणि एका बाजूने हळूहळू चावत बसले. एका बाजूनेच का चावतात, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. मी समोरच होते.

सहा महिने झाले. रिपोर्ट आधीपेक्षाही वर गेला, साडेनऊच्या पुढे. कंपनीने नोकरीवरून काढलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली. गेटवर बसवलं. बसवर दुसरा माणूस आला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी हे उठले ते अर्धा चेहरा सुजवून. ताप होता. डोंबिवली पूर्वेला दातांच्या डॉक्टरबाई आहेत, तिथे गेलो. वयाने माझ्या लेकीहून थोडी मोठी असेल. तिने आरसा आत घातला, बारीक खुणा असलेली एक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद घालून मोजत गेली आणि तिच्या मदतनीस मुलीला आकडे सांगत गेली. सहा. सात. पाच. सात. चांगल्या तोंडात दोन-तीन असतात म्हणे. जिथे सळई लागेल तिथे रक्त, दोन ठिकाणी पू. खालचे दोन दात बोटाने हलत होते.

‘‘डायबिटीस आहे का?’’ तिने पहिलाच प्रश्न तो विचारला. मी जुनी तक्रार सुरू केली. पथ्य पाळत नाहीत, चोरून खातात. तिने हातमोजे काढले आणि मला शांतपणे समजावलं. हिरड्यांच्या आत इतका जंतुसंसर्ग महिनोन् महिने चालला, की शरीर सतत त्याच्याशी लढत राहतं. त्या सुजेची द्रव्यं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम नीट होऊ देत नाहीत. पथ्य पाळलं तरी मग साखर चढी राहू शकते. आणि साखर चढी राहिली की हिरड्यांची जखम भरत नाही, जंतूंचं फावतं, दाताखालचं हाड झिजतं. हे त्याला वाढवतं, ते ह्याला.

‘‘भाकरी चावता येत नसेल ह्यांना,’’ ती म्हणाली. ‘‘कधीपासून दुखतंय, काका?’’

‘‘झालं की वर्ष,’’ हे म्हणाले.

मी विचारलं, ‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘दातासाठी काय बोलायचं? तू आधीच साखरेने वैतागलेली.’’

वर्षभर डॉक्टरांनी ह्यांचे पाय बघितले, डोळे तपासायला पाठवलं, लघवी तपासली. तोंड उघडा असं कोणी म्हटलं नाही. पण डॉक्टरांवर ढकलून मी सुटत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हा उद्योग मी घरात बसून केला. वास मला येत होता, रक्त मला दिसत होतं. मी डॉक्टरबाईंना ब्रशचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘बरेच जण तसंच करतात, काकू. रक्त येतं म्हणजे तिथे मळ साचलाय. तिथेच हळुवार, रोज साफ करायचं असतं.’’ तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मला तिथेच रडू आलं.

आधी ताप आणि पू उतरवला. ते दोन दात काढावे लागले. मग भूल देऊन हिरड्यांच्या आतली सफाई, एकेका बाजूची, चार खेपांत. प्रत्येक वेळी सकाळची वेळ आणि घरून खाऊन, गोळी घेऊनच या, उपाशी नको, अशी तिची ताकीद असायची. मऊ ब्रश आणला. तो हिरडीच्या कडेला तिरपा धरायचा आणि सकाळी एकदा, रात्री जेवल्यावर एकदा नीट दोन मिनिटं फिरवायचा. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखे अगदी इवलेसे ब्रश. दर तीन महिन्यांनी तिच्याकडे तपासणी. तिने खोटी आशा दाखवली नाही. ‘‘ह्याने साखर थोडीच उतरेल,’’ ती म्हणाली, ‘‘गोळ्या, चालणं, जेवण सोडायचं नाही. पण उतरायला जो अडसर होता तो जाईल.’’

तीन आठवड्यांत बेसिन पांढरं राहायला लागलं. वास गेला. भाकरी पुन्हा पोटात जायला लागली. तीन महिन्यांनी रिपोर्ट साडेआठ, त्याच्या पुढचा पावणेआठ. मी तो घेऊन ह्यांच्याबरोबर कंपनीत गेले. डॉक्टर खूश झाला. पण बसचं काम आता बाहेरच्या ठेकेदाराला दिलेलं होतं, आणि आमची गाडी त्यांचा माणूस चालवतो. हे गेटवर उभे राहतात आणि तीच बस आली की दांडा वर करतात. मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा गेले नाही.

मी माफी मागितली. रिक्षात, घरी, लेकीसमोर, तीन वेळा. प्रत्येक वेळी हे म्हणाले, ‘‘जाऊ दे गं, तू काय वाईटासाठी केलंस?’’ लेक मात्र पुन्हा उठून आत गेली.

कुठे लाल दिसतंय का, सूज आहे का, ते घरीही बघत जा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. म्हणून दर रविवारी सकाळी मी ह्यांना गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसवते. गेल्या रविवारीही बसवलं. वरच्या हिरड्या पाहिल्या, खालच्या पाहिल्या. कुठे लाल नाही, सगळं गुलाबी. मी म्हटलं, ‘‘छान आहे. मिटा आता.’’

ह्यांनी तोंड मिटलं नाही. जीभ वर उचलून धरली, मग डाव्या गालाच्या आत बोट घालून तो ओढून दाखवला, मग उजवा.

मी म्हटलं, ‘‘अहो, तिथे काय बघायचंय? तिथे हिरड्या नाहीत.’’

‘‘बघून घे,’’ हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ‘‘काही लपवलेलं नाही.’’