वसंताची पाच फूट आठ इंच

जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये वसंता वीस-बावीस वर्षं भट्टीजवळ काम करत होता. मिलमध्ये दरवर्षी तपासणीची गाडी यायची. यंदा त्या गाडीत फुंकून फुफ्फुसं तपासायचं नवं यंत्र होतं. ओळ मोठी, माणसं घामेजलेली. यंत्रावरच्या पोरानं कॉम्प्युटरवरून मानही वर न करता विचारलं, "उंची?"

"पाच आठ," वसंता म्हणाला. लग्नापासून तो हेच सांगत आला होता.

त्यानं छातीत मावेल तेवढी हवा घेतली आणि नळीत जोर लावून फुंकली. कागद निघाला: अपेक्षेच्या पंच्याहत्तर टक्के. खाली लाल अक्षरांत, फुफ्फुसाच्या डॉक्टरांना दाखवा.

वसंतानं कागद घडी करून खिशात टाकला. त्याच्याच पाळीतला संघपाल मागच्या वर्षी दवाखान्यातून असाच एक कागद घेऊन घरी गेला होता. आता तो बाजेवर उशांना टेकून बसायचा. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावं लागायचं. वसंता त्याला भेटायला गेला, पण कागदाचं बोललाच नाही. संघपालच्या बरगड्या आत-बाहेर होताना बघत राहिला. आपल्याही बरगड्या अशाच दिसतात का, म्हणून घरी येऊन आरशासमोर सदरा काढून उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याचं सगळं लक्ष श्वासावर. जिना चढला की थांबून ऐकायचा. खोकला आला की रुमाल उलगडून बघायचा. त्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली, "अवो, काय लपवून राह्यले तुम्ही?"

त्यानं कागद पुढे केला. तिनं वाचला आणि पदराचं टोक तोंडात धरलं. मग एवढंच बोलली, "उद्याच जाऊ. मी येते संगं."

जुन्या जालन्यातल्या दवाखान्यात तपासणी करणाऱ्या सुरेखाताई होत्या. वसंतानं न विचारताच सांगितलं, "पाच आठ."

"सांगितलेली उंची मी लिहीत न्हाई, काका. बूट काढा."

सेफ्टी बूट जाड तळाचे. ते काढून तो भिंतीच्या पट्टीला टेकला. सुरेखाताईंनी टाचा भिंतीला लावायला लावल्या, हनुवटी खाली घ्यायला लावली. "वर बघू नका, समोर बघा. पाठ सरळ." मग आडवी पट्टी त्याच्या दाट कुरळ्या केसांवर दाबत डोक्याच्या हाडाला टेकवली.

"एकशे पासष्ट. पाच पाच."

वसंतानं वळून पट्टीवरचा आकडा बघितला. तीन इंच! माणूस आतून झिजला तर उंची घटते, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. म्हणजे फुफ्फुसंच नाहीत, हाडंही गेली.

"ताई, मी आटलो का वो?" त्यानं विचारलं. ज्योत्स्नानं त्याचा दंड घट्ट धरला.

"पाच आठ कधी मोजली होती?"

"मोजली... लग्नाच्या वेळी. मामानं दाराच्या चौकटीला उभं केलं होतं."

"बूट घालून?"

"नवे होते. उंच टाचेचे. अन् टाचा जराशा उचलल्याच असतील मी, पोरीकडचे बघत होते." तो आठवत गेला. "केसही तवा लई फुगवायचो. पाच फूट साडेसातला खूण आली. मामा म्हणाला, आठच सांगू."

सुरेखाताईंनी बोटांवर हिशेब केला. बुटाचा एक इंच. केसांचा अर्धा. उचललेल्या टाचांचा आणि ताणलेल्या मानेचा अर्धा. मामानं वर ढकलला तो अर्धा. "राह्यला अर्धा. तो वयाचा. पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या जराशा बसतात, खांदे पुढं येतात. सगळ्यांचंच होतं. पण जो तो जवानीतला आकडाच सांगतो."

वसंताला ते कळलं, पण भीती हलली नाही. "मंग फुफ्फुसाचं?"

"पुन्हा फुंका."

तीनदा फुंकलं. आत डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. वसंता त्यांच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्या तोंडावर काही म्हणता काही उमटत नव्हतं.

"हवा तेवढीच निघाली आहे, दोन्ही वेळेला," अखेर ते म्हणाले. "पण यंत्र तुमची तुलना तुमच्याच वयाच्या, तुमच्याच उंचीच्या निरोगी माणसाशी करतं. उंच माणसाची फुफ्फुसं मोठी. तुम्ही पाच आठ सांगितलं, यंत्रानं पाच आठच्या माणसाएवढी हवा मागितली. ती तुमच्या छातीत कुठून येणार? पाच पाच घातल्यावर त्र्याऐंशी टक्के आले. तुमच्यासाठी ते ठीक आहे."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. वसंता मात्र तसाच ताठ बसून होता. "मंग मी बरा?"

"आज बरे. पण मिलमधली धूळ खोटी नाही. मास्क बिलकुल काढायचा नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा या. छातीचा एक्स-रेही आजच काढून घेऊ."

एक्स-रे साफ आला तेव्हा वसंताला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. दवाखान्यासमोरच्या टपरीवर दोघांनी भजी खाल्ली. खाता खाता तो एकदम थांबला.

"मी सुटलो, पण संघपालला काय सांगू?" त्यानं विचारलं.

ज्योत्स्नानं त्याच्यापुढं पाण्याचा गिलास सरकवला.