वर कोणी नाही

वेणीमाधव गायधनी यांनी चौतीस वर्षं लोकांना नाही म्हटलं, पण तोंडानं एकदाही नाही. नाशिक रोडच्या एका सरकारी कार्यालयात ते मसुदे करायचे. अर्ज मंजूर झाला की छापील आदेश निघे. नामंजूर झाला की फाइल गायधनींच्या टेबलावर येई. ‘आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि...’ विचार नेमका कोणी केला, हे त्या पत्रात कधीच नसे. अर्जदार पत्र घेऊन वरच्या साहेबाकडे जाई, साहेब त्याच्या वरच्याकडे पाठवी. गायधनींना अर्जदाराचा चेहरा दिसत नसे. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते, गायधनींचं पत्र वाचून माणूस निराश होतो, पण दुखावत नाही. गायधनींना तो गौरव वाटला.

निवृत्तीनंतर इंटरनेटवर बघून ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि ‘तिथी’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला. तारीख आणि गाव द्यायचं, सूर्य-चंद्रामधल्या अंतरावरून तो त्या दिवसाची तिथी काढून देतो. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं : ‘हा प्रकल्प आकाशात काय आहे ते सांगतो. माणसाने काय करावे ते सांगत नाही.’ उभ्या आयुष्यात कोणालाही न विचारता त्यांनी ठरवलेली ही एकच गोष्ट होती.

अशा खुल्या प्रोग्रॅममध्ये कोणीही बदल सुचवू शकतो. बदल करायचा आणि तो मूळ प्रोग्रॅममध्ये घ्या अशी विनंती पाठवायची. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. विंचूरच्या हर्षल दरेकरनं तशी पाठवली. तो ट्रॅक्टरच्या एका शोरूममध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. गिऱ्हाईक ट्रॅक्टर घरी न्यायला चांगला दिवस विचारतं, म्हणून चार महिने खपून त्यानं दिवसाला ‘शुभ’ किंवा ‘अशुभ’ असा शेरा देणारं फंक्शन लिहिलं होतं.

गायधनींनी ते ओळ न् ओळ वाचलं. दोन दिवस मसुदा केला आणि उत्तर टाकलं :

‘नमस्कार हर्षल. आपले काम अभ्यासपूर्ण आहे, चाचण्याही नेटक्या लिहिल्या आहेत, मनःपूर्वक आभार. तथापि ‘तिथी’ची व्याप्ती गणनेपुरती ठेवण्यात आलेली आहे. दिवसाचे शुभाशुभ ठरवणे प्रकल्पाच्या दिशेशी सुसंगत नसल्याने हा बदल विलीन करणे शक्य होणार नाही. आपले फंक्शन ‘तिथी’च्या उत्तरावरच चालते, त्यामुळे त्याचे स्वतंत्र पॅकेज करता येईल. तसे केल्यास आमच्या पानावर दुवा देण्यात येईल. ही विनंती बंद करण्यात येत आहे.’

मग त्यांनी विनंती बंद केली आणि चहा मागितला.

पुढच्या रविवारी हर्षल दारात उभा राहिला. हातात टॅग बांधलेली फाइल. फाइलमध्ये त्या बदलाचे एकतीस छापील कागद, वरती गायधनींचा संदेश, त्याच्याही वर प्रफुल्लची चिठ्ठी. प्रफुल्ल म्हणजे गायधनींच्या पत्नीचा, सुधाबाईंचा मावसभाऊ. ‘मुलगा होतकरू आहे, योग्य ते सहकार्य व्हावे.’

“काका, विनंती मी बंद केलेली असती तर मला परत उघडता आली असती,” हर्षल म्हणाला. “तुमच्याकडून बंद झाली, म्हणून मला बटणच दिसत नाय. म्हटलं, समक्ष भेटावं.”

“अहो, पण कारण लिहिलं आहे...”

“लय चांगलं लिहिलंय! आमच्या सहादूशेठनी दोनदा वाचून घेतलं. शोरूम त्यांचंच हाय. ते म्हणतात, तुझ्या मनाचं शुभ-अशुभ मी गिऱ्हाइकाला देणार नाय, नाशिकच्या ‘तिथी’तून आलं तर देतो. दसऱ्याच्या आधी पाहिजे, नायतर शेठ दुसऱ्याकडून करून घेणारेत. माझे चार महिने पाण्यात.” तो खुर्चीच्या कडेवर सरकला. “काका, ही दिशा कोण ठरवतं? कमिटी असंल ना? कोणाला भेटू तेवढं सांगा.”

गायधनींनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अर्जदाराला चेहरा असतो, यासाठी त्यांची तयारी नव्हती. विनंती परत उघडून बदल आत घेणं ही एका मिनिटाची गोष्ट होती. मग ते पहिल्या पानावरचं वाक्य पुसावं लागलं असतं. आणि नाही म्हणायचं, तर जीभ वळत नव्हती.

“मी वर कळवतो,” ते म्हणाले.

हर्षल वाकून नमस्कार करून गेला. सुधाबाई आतून आल्या. “वर म्हणजे कुठे? गच्चीवर?”

“हळूहळू समजेल त्याला.”

“काय समजेल? या घरात बसून तुम्ही एकटे ते चालवता. मीसुद्धा त्या कमिटीत नाही!”

दर सोमवारी हर्षलचा फोन येऊ लागला. ‘काका, वरून काय आलं?’ गायधनी म्हणायचे, विचार चालू आहे. आणि तो खरोखरच चालू असायचा. तीन आठवड्यांत त्यांची झोप गेली. चौतीस वर्षांत अर्जांचा एवढा विचार कोणी केला नसेल.

चौथ्या सोमवारी हर्षल स्वतःच आला. “काका, दसऱ्याला बारा दिवस राहिले. एकदा समक्ष भेट घालून द्या. मी त्यांच्या पाया पडतो.”

सुधाबाई पाण्याचा पेला ठेवून तिथंच थांबल्या.

“हर्षल,” गायधनी म्हणाले, “वर कोणी नाही.”

“म्हणजे?”

“कमिटी नाही. साहेब नाही. मी एकटा आहे. दिशा मीच ठरवली. तुझं काम चांगलं आहे, आणि ते मी घेणार नाही. मी नाही म्हणतो आहे.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला कर्ता होता. आता हा मुलगा ओरडेल, फाइल आपटेल. निदान डोळ्यांत पाणी आणेल. त्यांनी स्वतःला तयार केलं.

हर्षलच्या चेहऱ्यावर हळूहळू कणव आली.

“समजलं काका,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “वरचे लय कडक दिसतात.”

“अरे, वरचे नाहीतच!”

“तुम्हाला असं म्हणावंच लागतं. माझ्यासाठी तुम्ही अंगावर घेताय, हे कळतं मला.” तो उठला. “काकू, काकांना जास्त बोलू नका. ते तरी काय करणार?”

तो गेल्यावर गायधनींनी कॉम्प्युटर उघडला आणि बंद विनंतीखाली लिहिलं : ‘कोणतीही समिती नाही. हा निर्णय मी, वेणीमाधव गायधनी, एकट्याने घेतला आहे.’ थोड्या वेळानं त्यावर हर्षलनं नमस्काराचे जोडलेले हात उमटवले.

आठवड्याभरात त्याचं स्वतंत्र पॅकेज आलं. काम स्वच्छ होतं. ‘तिथी’ला कुठंही धक्का न लावता तिच्या उत्तरावर उभं केलेलं. गायधनींनी शब्द दिल्याप्रमाणे आपल्या पानावर दुवा दिला. सहादूशेठनी ते दसऱ्याआधीच शोरूमवर सुरू केलं, असं प्रफुल्लकडून कळलं. शेठनी एकच अट घातली होती, नाशिकचं नाव पाहिजे. त्याप्रमाणे पॅकेजच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं : ‘नाशिक येथील समितीच्या सूचनेनुसार हे स्वतंत्र ठेवण्यात आलेले आहे.’

गायधनी त्या वाक्यात दुरुस्ती सुचवायला बसले. समिती खोडली, तर तिथं त्यांचं नाव येत होतं, आणि नावापुढे ट्रॅक्टर नेण्याचे शुभ दिवस. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. मसुदा निर्दोष होता. त्यांनाही याहून बरा जमला नसता.

“काय लिहिताय?” सुधाबाईंनी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले, आणि दुरुस्ती न पाठवताच कॉम्प्युटरवरची खिडकी बंद केली.