एकदाच वाजवा

मृणाली पाष्टे आमच्या शाळेत आली तेव्हा मी तिला पहिल्या दिवशीच नापास करून टाकलं होतं. कारण एकच, तिला आवाज नव्हता.

मी चौतीस वर्षं याच प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. निवृत्त झाल्यावर संस्थेनं मला कमिटीवर घेतलं. शाळेची सेविका गंगुबाई सांगायची, "बाईंनी वर्गात 'गप्प!' म्हटलंन की रस्त्यावरची मच्छीवालीसुद्धा टोपली खाली ठेवायची." मला त्याचा अभिमान होता. आज हे लिहायला लाज वाटते, पण अभिमान होता हे खरं.

मृणाली मंडणगडकडची. घरची भातशेती, नवरा मुंबईत एका छापखान्यात, ती इथे रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत. डी.एड. होऊन सहा वर्षं या शाळेतून त्या शाळेत तात्पुरती नोकरी. आमच्याकडेही वर्षाच्या करारावर आली. दुसरीच्या दोन तुकड्या, एका बाईंची जागा रिकामी, म्हणून दोन्ही एका खोलीत. चौसष्ट मुलं. वर पत्रे. आणि हिच्या स्वरयंत्रावर बारीक गाठी. आधीच्या शाळांमध्ये ओरडून ओरडूनच आलेल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं, ओरडणं बंद, आणि नुसतं कुजबुजणंही नको, त्यानंही ताण येतो.

दुसरी कुणी नोकरी सोडली असती. हिनं दोन करवंट्या घासून गुळगुळीत केल्या.

एकदा सहज म्हणून मी तिच्या वर्गात जाऊन मागे बसले. मुलं गटानं मण्यांच्या माळा घेऊन बेरजा करत होती. हिनं करवंट्या वाजवल्या. टक-टक, टक. मुलांनी दोन टाळ्या दिल्या. मग हिनं उजवा हात वर धरला आणि नुसती उभी राहिली. पुढच्यांनी हात वर केले. ते बघून पाठमोऱ्या बसलेल्यांनी केले. हातातलं खाली, तोंड बंद, डोळे बाईंकडे. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा मणी ओवत होता. शेजारणीनं त्याला कोपरानं ढोसलं, त्यानंही हात वर केला. तेव्हा कुठे ही बोलली, आणि तेही आपण जेवायला बसल्यावर भात वाढा म्हणतो तेवढ्याच आवाजात.

भिंतीवर पुठ्ठ्याची उभी पट्टी होती. चार घरं. शून्यावर कासव, म्हणजे बोलणं नाही. एक म्हणजे शेजाऱ्यालाच ऐकू जाईल इतकं. दोन म्हणजे गटापुरतं. तीन म्हणजे उभं राहून सगळ्या वर्गाला सांगायचं तेव्हा. कपड्याचा चिमटा त्या-त्या घरावर लावायचा. कामाला सुरुवात करायच्या आधी ती विचारायची, "आता कितीचा आवाज लागेल?" मुलं बोटं दाखवायची. चिमटा लावण्याची पाळी रोज नव्या मुलाची. पावसानं पत्रे वाजायला लागले आणि करवंट्या ऐकू येईनात, की ती दिव्याचं बटण दोनदा बंद-चालू करायची आणि हात वर.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हा वर्ग आहे की दरवेशाचा खेळ?"

ती हसली. "शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे हेच शिकवलं, बाई. खेळासारखंच. रोज पाच-सहा वेळा सराव."

"दोन आठवडे पाढे सोडून करवंट्या?"

"आता ते दोन आठवडे रोज थोडे थोडे परत मिळतात."

उत्तर चोख होतं म्हणूनच मला राग आला असणार. पुढच्या मीटिंगमध्ये मी सचिवांना सांगितलं, "पोरगी चांगली आहे, पण वर्ग आवरणारा आवाज नाही तिच्याकडे. करार वाढवायच्या आधी एकदा वर्ग बघा." सचिव म्हणजे उन्मेष, माझाच विद्यार्थी, आता आंब्याच्या कलमांच्या बागा सांभाळतो. त्यानं सप्टेंबरचा एक सोमवार ठरवला. त्या सोमवारावर तिची नोकरी टांगली ती मी. हे लक्षात असू द्या.

त्याच्या आधीच्याच आठवड्यात तिचा घसा बसला. डॉक्टरांनी पाच दिवस मौन सांगितलं. बदली बाई कुठून आणायची? मीच पुढे झाले. उपकार करायला नव्हे. चौसष्ट पोरं कशी आवरतात ते दाखवायला.

तिनं कागदावर चार ओळी लिहून दिल्या.

'एकदाच वाजवा. मग हात वर करून थांबा.

सगळे गप्प होईपर्यंत एक शब्दही बोलू नका.

चिमटा कामाप्रमाणे हलवा, शिक्षा म्हणून नको.

नाव घेऊन ओरडू नका.'

मी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. चौतीस वर्षांच्या बाईला चार ओळी!

सोमवारी करवंट्या वाजवल्या. मुलं निमूट हात वर करू लागली. अर्धी गप्प झाली आणि मी बोलायला लागले. उरलेल्या अर्ध्यांना कळलं की थांबलं नाही तरी चालतं. म्हणून मी पुन्हा वाजवल्या. मंगळवारी तीन-तीनदा. बुधवारी टेबलावर आपटल्या. चिमटा मी दिवसभर कासवावर लावून ठेवला, गटात बेरजा करायच्या तेव्हासुद्धा. मग मुलं कासवाखाली बसून बोलायला लागली, करणार काय? ज्याचा आवाज येईल त्याला मी पट्टीखाली उभं केलं. गुरुवारी एक करवंटी फुटली. शुक्रवारी मी सरळ ओरडले. पूर्वीसारखी. वर्ग एका क्षणात चिडीचूप, आणि दोन मिनिटांत पहिल्यापेक्षा मोठा कलकलाट. मग परत ओरडले. असंच चार वाजेपर्यंत.

त्या गुरुवारीच मधल्या सुटीत सानवी नावाची दोन वेण्यांची चिमुरडी माझ्याजवळ आली होती. "आजीबाई, तुम्ही वाजवता आणि लगेच बोलता. मग आम्ही थांबायचं कधी?"

"शहाणपणा पुरे," मी म्हटलं. "डबा खा."

गंगुबाई करवंटीचे तुकडे झाडूनं गोळा करत होती. म्हणाली, "फोडलात ना तिचं खेळणं?" मी पाठ फिरवून वर्गात गेले.

सोमवार उजाडला. मृणाली आली, आवाज जेमतेम परतलेला. उन्मेष आणि मी मागे बसलो. तिनं नव्या करवंट्या आणल्या होत्या. मुलांना गटात बसवलं आणि थोड्या वेळानं वाजवलं. टक-टक, टक.

काहीच झालं नाही.

पाच-सहा टाळ्या आल्या. सानवीचा हात वर गेला, आणखी दहा-बाराजणांचे. बाकी वर्ग बोलत राहिला, आठवडाभर मी शिकवलं होतं तसाच. मृणालीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा वाजवलं नाही. हात वर धरून उभी राहिली. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, गप्प बसा रे, तिची नोकरी जाईल!

दोन मिनिटं. वर्गात दोन मिनिटं म्हणजे किती, ते शिक्षकांनाच ठाऊक.

उन्मेष माझ्या कानाशी वाकला. "तुम्ही म्हणत होता तेच खरं, बाई. गेल्या आठवड्यात तुमच्याकडे वर्ग होता तेव्हा कसा गप्प व्हायचा! बागेतले लोक सांगत होते, रस्त्यापर्यंत तुमचा आवाज येत होता."

तेव्हाच सांगायचं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तो वहीत काहीतरी लिहून उठला आणि निघून गेला. तो दारातून बाहेर पडला आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात शेवटचा हात वर गेला. वर्ग पूर्ण शांत. बघायला मी एकटीच.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी तिच्या खोलीवर गेले. ती डबा भरत होती.

"करवंट्या मी बिघडवल्या," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. शनिवारी गंगुबाईंनी सांगितलं." तिनं डब्याचं झाकण लावलं. "काल मागे बसून तुम्ही गप्प का राहिलात, तेवढं फक्त कळलं नाही."

लाज वाटत होती म्हणून, हे काय उत्तर आहे?

"मी उन्मेषला सांगते. आजच."

"ते तुम्ही ठरवा. पण आधी मुलांना सांगा. त्यांना वाटतंय, नियम बदलला. मी कितीही सराव घेतला तरी ज्यानं बदलला त्यानंच सांगितलं तर लवकर पटेल." मग डबा पिशवीत टाकत, "आणि बाई, वर्गासमोर हळू बोला. तुमचाही घसा घरघरतोय."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी सात वर्षांच्या चौसष्ट पोरांसमोर करवंट्या घेऊन उभी राहिले. एकदाच वाजवल्या. हात वर केला. थांबले.

थांबणं काय असतं ते मला तिथे कळलं. जीभ शिवशिवत होती. तिसऱ्या बाकावरचे दोघे बोलतच होते, त्यांची नावं माझ्या ओठांवर आली आणि मी गिळली. खांदा दुखायला लागला. अर्धा वर्ग गप्प झाला. पाऊण झाला. पूर्वी मी इथेच बोलायला लागत असे. आयुष्यभर इथेच.

शेवटी ते दोघेही गप्प झाले. मी तरी बोलेना, मला खात्रीच वाटेना. सानवी पहिल्या बाकावरून म्हणाली, "आता बोला, आजीबाई."

"मागच्या आठवड्यात मी चुकीचं वाजवलं," मी म्हटलं. "पाष्टेबाईंचाच नियम खरा. चूक माझी."

एका मुलानं विचारलं, "मग तुम्हाला पट्टीखाली उभं करायचं?" वर्ग हसला. मृणालीनं चिमटा एकावर नेला. हसू तेवढ्यापुरतं झालं.

उन्मेषच्या घरी मी कागदावर सगळं लिहूनच गेले, म्हणजे पळवाट नको. त्यानं वाचलं. म्हणाला, "कशाला मनाला लावून घेता, बाई? आम्ही तुमच्या ओरडण्यावरच वाढलो."

"काय शिकलास माझ्या वर्गात?"

तो हसून टाळणार होता. मग गंभीर झाला. "खरं सांगू? दुसरीतलं मला तुमच्या आवाजाशिवाय काहीच आठवत नाही. तुम्ही ओरडलात की माझं पोट दुखायचं."

मी चहा तसाच ठेवला.

दोन आठवड्यांनी तो पुन्हा वर्ग बघायला गेला. त्या दिवशी पत्र्यावर पाऊस इतका की कुणाचं कुणाला ऐकू येईना. मृणालीनं दिवा दोनदा बंद-चालू केला, हात वर धरला, आणि बाकामागून बाक हात वर होत गेले. तिचा करार आणखी वर्षभरासाठी वाढला. उन्मेषनं मीटिंगमध्ये माझेही आभार मानले, 'मार्गदर्शनाबद्दल'. या वेळी मी उभी राहिले आणि माझा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. आवाज मोठा लागला नाही. खोली आधीच गप्प होती.

मृणाली माझ्याशी नीट वागते, पण तो प्रश्न तिनं परत विचारला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिच्या वर्गात मागे बसून मुलांना वाचायला मदत करते. टक-टक, टक झालं की माझाही हात वर जातो.